स्टँडर्ड लाइनवरून लोहाचं प्रमाण काढताना: ॲब्सॉर्बन्स, TREND आणि रेषेची तपासणी

बोअरवेलच्या पाण्यातलं लोह मोजायचं आहे. सहा स्टँडर्ड तयार केले, ५१० नॅनोमीटरवर ॲब्सॉर्बन्स घेतला, शीटमध्ये ग्राफ काढला, आर-स्क्वेअर ०.९९७ आला. बहुतेक प्रॅक्टिकल वह्यांमध्ये इथे "लाइन चांगली आली" असं लिहून पुढे जातात. खाली जे उदाहरण सोडवलं आहे त्यात नेमकी अशीच रेष आहे, आणि त्या रेषेवरून काढलेलं उत्तर सहाव्या हिश्शाने कमी येतं. चूक कुठे होती, ती शीटमध्येच कशी दिसत होती आणि ती दुरुस्त करून उत्तर कसं काढायचं, हे क्रमाने पाहू.

पद्धत फिनॅन्थ्रोलिनची आहे. पाण्यातलं सगळं लोह फेरस रूपात आणायचं, त्याला १,१०-फिनॅन्थ्रोलिन जोडून नारिंगी-लाल रंग तयार करायचा आणि त्या रंगाची तीव्रता मोजायची. साधा व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि १ सेंटिमीटरचा क्युव्हेट एवढ्यावर ही पद्धत चालते. त्यामुळे नागपुरातल्या बहुतेक सायन्स कॉलेजांच्या लॅबमध्ये ती करता येईल.

स्टँडर्ड बनवणं

स्टॉकसाठी मोहर सॉल्ट, म्हणजे फेरस अमोनियम सल्फेट हेक्साहायड्रेट, ०.३५११ ग्रॅम तोला. ५०० मिलिच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये आधी सुमारे १०० मिलि डिस्टिल्ड वॉटर घ्या, त्यात १० मिलि तीव्र सल्फ्युरिक ॲसिड हळूहळू सोडा, थंड होऊ द्या, मग सॉल्ट विरघळवून मार्कपर्यंत भरा. हा १०० मिग्रॅ/लिटर लोहाचा स्टॉक झाला. ॲसिड नसेल तर फेरस लोह हवेत ऑक्सिडाइझ होतं आणि काही दिवसांत तळाशी पिवळसर गाळ दिसू लागतो. त्यानंतर त्या बाटलीवरच्या लेबलला अर्थ उरत नाही.

या स्टॉकचे १० मिलि १०० मिलिपर्यंत पातळ केले की १० मिग्रॅ/लिटरचं वर्किंग सोल्युशन मिळतं. ते रोज ताजं करा. ५० मिलिच्या सहा फ्लास्कमध्ये ते अनुक्रमे ०, २.५, ५, १०, १५ आणि २० मिलि घ्या. अखेरीस फ्लास्कमधलं प्रमाण ०, ०.५, १, २, ३ आणि ४ मिग्रॅ/लिटर होईल. शून्याचा फ्लास्क हाच आपला ब्लँक. त्यात लोह सोडून बाकी सगळं जसंच्या तसं पडलं पाहिजे, कारण बफरमधल्या अमोनियम ॲसिटेटमध्ये स्वतःचं थोडं लोह असतं. बफरची नवी बाटली काढली की स्टँडर्डही नवे करायचे, ते याचसाठी.

प्रत्येक फ्लास्कमध्ये १ मिलि तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड, १ मिलि १० टक्के हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड, १० मिलि अमोनियम ॲसिटेट बफर आणि ४ मिलि ०.१ टक्के फिनॅन्थ्रोलिन, याच क्रमाने घाला. हायड्रॉक्सिलअमाइन लोहाला फेरस रूपात आणतं, म्हणून ते फिनॅन्थ्रोलिनच्या आधी. मार्कपर्यंत भरा, हलवा, किमान १० मिनिटं थांबा. ४ मिलि हा आकडा लक्षात असू द्या, पुढे तोच महत्त्वाचा ठरणार आहे.

नमुन्याचे २५ मिलि कोनिकल फ्लास्कमध्ये घेऊन त्यात तेवढंच ॲसिड आणि हायड्रॉक्सिलअमाइन घाला, आणि सुमारे १० मिलि उरेपर्यंत फ्यूम हूडखाली उकळा. उकळल्याने कणांच्या रूपात असलेलं लोहही विरघळतं. थंड झाल्यावर ५० मिलिच्या फ्लास्कमध्ये ओता, कोनिकल दोनदा धुऊन तेही पाणी त्यातच घ्या, मग बफर आणि फिनॅन्थ्रोलिन घालून मार्कपर्यंत भरा. २५ चे ५० झाले, म्हणून शेवटी उत्तराला २ ने गुणायचं. असे तीन फ्लास्क करा. एकाच फ्लास्कची तीन रीडिंग घेतली तर फक्त मशीनची चलबिचल कळते, पिपेटची आणि उकळण्याची नाही.

नमुना गोळा करतानाच एक चूक फार होते. बोअरवेलचं पाणी वर येतं तेव्हा स्वच्छ दिसतं. तासाभराने हवा लागून त्यातलं लोह गंजासारखं खाली बसतं आणि बाटलीच्या भिंतीला चिकटतं. लॅबमध्ये वरचं नितळ पाणी पिपेटने घेतलं तर लोह बाटलीतच राहिलं. म्हणून नमुना भरतानाच ॲसिड टाकून त्याचा पीएच २ च्या खाली आणा.

नागपूरच्या उन्हाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. आपल्याकडच्या बऱ्याच फ्लास्कांवर २७ अंश हे तापमान छापलेलं असतं. २७ वरून ४० अंशांवर गेल्यावर पाणी सुमारे ०.४ टक्के प्रसरण पावतं. फरक लहान आहे, पण स्टँडर्ड सकाळी एसीच्या खोलीत आणि नमुने दुपारी बाहेरच्या टेबलावर भरले, तर तो एकाच दिशेने जातो आणि तिन्ही फ्लास्कची सरासरी घेऊनही जात नाही. सगळं एकाच खोलीत, एकाच बैठकीत करा.

रीडिंग घेणं

मशीन अर्धा तास आधी चालू करा. डिस्टिल्ड वॉटरवर झीरो करा, मग ब्लँकपासून सुरुवात करून कमी प्रमाणाकडून जास्तकडे जा. क्युव्हेट एकच वापरा, त्याची खूण नेहमी एकाच बाजूला ठेवा. पुढच्या सोल्युशनने दोनदा विसळा आणि बाहेरून पुसा. बुडबुडा चिकटला असेल तर रीडिंग उगाच वर जातं.

झीरो डिस्टिल्ड वॉटरवर केला तर ब्लँकचं रीडिंग शून्य नसतं, इथे ते ०.००६ आलं. ते तसंच लिहा आणि शून्य मिग्रॅ/लिटरचा स्टँडर्ड म्हणून रेषेत घ्या. वेगळं वजा करू नका. नमुन्यातून ब्लँक वजा केला आणि स्टँडर्डमधून केला नाही, तर तोच ०.००६ दोनदा वजा होतो: एकदा आपल्या हाताने, एकदा रेषेच्या इंटरसेप्टमधून. या उदाहरणात तेवढ्यानेच फ्लास्कमधलं ०.२० चं उत्तर ०.१७ होतं.

शीटमध्ये मांडणी

`A` कॉलममध्ये प्रमाण, `B` मध्ये ॲब्सॉर्बन्स. पहिली ओळ नावांची, आकडे `A2:A7` आणि `B2:B7` मध्ये. नमुन्याची तीन रीडिंग `B10:B12` मध्ये आणि त्यांची सरासरी `B13` मध्ये.

TREND हे फंक्शन आपल्या ठिपक्यांमधून लीस्ट स्क्वेअर्सची सरळ रेष काढतं आणि नव्या एक्ससाठी त्या रेषेवरचा वाय सांगतं. तीन गोष्टी द्यायच्या: माहीत असलेले वाय, माहीत असलेले एक्स, आणि नवा एक्स. क्रम हाच. मिळतं ते नेहमी पहिल्या यादीच्या जातीचं. प्रमाण हवं असेल तर प्रमाण पहिलं लिहायचं:

```
=TREND(A2:A7,B2:B7,B13)
```

ग्राफमध्ये प्रमाण आडव्या अक्षावर असतं, म्हणून हात आपोआप उलटं लिहितो:

```
=TREND(B2:B7,A2:A7,B13)
```

शीट तक्रार करत नाही. पुढे येणाऱ्या दुरुस्त आकड्यांवर, नमुन्याचं सरासरी रीडिंग ०.०४६ असताना, या दुसऱ्या सूत्राने ०.०१५४ येतं. हा ०.०४६ मिग्रॅ/लिटर लोहाचा ॲब्सॉर्बन्स आहे, पण वाचताना कमी लोहाच्या पाण्याचं प्रमाणच वाटतं. सूत्र बरोबर लिहिलंय का हे पाहायचं असेल तर `B13` च्या जागी एखाद्या स्टँडर्डचा ॲब्सॉर्बन्स द्या. २ मिग्रॅ/लिटरच्या स्टँडर्डने २ च्या जवळचा आकडा दिला पाहिजे.

TREND ला चौथी गोष्टही देता येते. तिथे FALSE लिहिलं की रेष शून्यातून जबरदस्तीने नेली जाते. "लोह नाही तर रंग नाही, मग रेष शून्यातूनच जायला हवी" हे ऐकायला पटतं. पण आपल्या ब्लँकमध्ये ०.००६ खरोखर आहे. शून्यातून नेलेल्या रेषेने ०.०४६ चं उत्तर ०.२३० येतं, खरं आहे ०.२००. प्रमाण जितकं कमी, तितका हा फरक टक्क्यांत मोठा. चौथी जागा रिकामी सोडा.

आणखी एक छोटी गोष्ट, पण यात तासन्‌तास जातात. एखादा आकडा टेक्स्ट म्हणून बसला, म्हणजे त्याच्या मागे स्पेस राहिली किंवा तो दुसरीकडून कॉपी झाला, तर TREND एररची खूण दाखवून थांबतं, पण SLOPE आणि INTERCEPT तो आकडा गुपचूप वगळून उत्तर देतात. सहाऐवजी पाच स्टँडर्डची रेष मिळते आणि पत्ताही लागत नाही. आकडे सेलमध्ये उजवीकडे चिकटलेले आहेत का ते बघा. डावीकडे असेल तो टेक्स्ट.

पहिली रेष, आणि तिच्यात दडलेली वाकण

आता उदाहरण. समजा कुणाकडे असलेल्या जुन्या कागदावर फिनॅन्थ्रोलिन २ मिलि लिहिलेलं होतं आणि तसंच केलं. रीडिंग अशी आली:

| प्रमाण (मिग्रॅ/लिटर) | ॲब्सॉर्बन्स | रेषेवरचा | फरक |
|---|---|---|---|
| ० | ०.००६ | ०.०१४७ | −०.००८७ |
| ०.५ | ०.१०४ | ०.१०८७ | −०.००४७ |
| १ | ०.२०५ | ०.२०२७ | +०.००२३ |
| २ | ०.४०१ | ०.३९०७ | +०.०१०३ |
| ३ | ०.६०२ | ०.५७८७ | +०.०२३३ |
| ४ | ०.७४४ | ०.७६६७ | −०.०२२७ |

तिसरा कॉलमही TREND नेच काढला आहे, यावेळी मुद्दाम ॲब्सॉर्बन्स पहिला लिहून. `C2` मध्ये पहिलं सूत्र, `D2` मध्ये दुसरं, आणि दोन्ही सातव्या ओळीपर्यंत ओढा. डॉलरच्या खुणा विसरलात तर ओढताना यादी खाली सरकत जाते आणि प्रत्येक ओळीत वेगळी रेष बसते.

```
=TREND($B$2:$B$7,$A$2:$A$7,A2)
=B2-C2
```

RSQ ने आर-स्क्वेअर काढा: ०.९९७०. ग्राफवर ठिपके रेषेला चिकटलेलेच दिसतात. पण चौथ्या कॉलमची फक्त चिन्हं वरून खाली वाचा: वजा, वजा, अधिक, अधिक, अधिक, वजा. हाताची थरथर, पिपेटची कमीजास्त, मशीनची चलबिचल यांनी आलेला फरक असा रांगेत उभा राहत नाही, तो कधी वर कधी खाली पडतो. दोन्ही टोकं रेषेखाली आणि मधला भाग रेषेवर, म्हणजे ठिपके कमानीसारखे वाकलेले आहेत आणि आपण कमानीवर सरळ पट्टी ठेवली आहे.

आर-स्क्वेअरला हे का दिसत नाही? तो विचारतो की ॲब्सॉर्बन्समधल्या एकूण चढ-उतारापैकी किती भाग रेषेने सांगितला. ० पासून ४ पर्यंत ॲब्सॉर्बन्स ०.७४ ने चढतो. एवढ्या मोठ्या चढासमोर ०.०२ ची चूक नगण्य ठरते. पण आपला नमुना चढाच्या तळाशी आहे. तिथे ०.००९ ची चूक म्हणजे नमुन्याच्या रीडिंगचा पाचवा हिस्सा. त्यामुळे आर-स्क्वेअर बघा, पण रेष पास करण्यासाठी तो पुरेसा मानू नका. फरकांचा कॉलम आधी.

रेष कशी बिघडली तेही याच आकड्यांत दिसतं. पहिले पाच ठिपके आपापसात जवळजवळ सरळ आहेत, दर १ मिग्रॅ/लिटरला सुमारे ०.१९९ ची चढण. शेवटचा एकटा खाली पडला आहे. टोकाचा ठिपका तरफेच्या लांब टोकासारखा असतो, तो खाली दाबला की दुसरं टोक वर उचललं जातं. उतार ०.१८८० वर घसरला आणि इंटरसेप्ट ०.०१४७ वर चढला, ब्लँकच्या रीडिंगच्या दुपटीहून जास्त. इंटरसेप्ट आणि ब्लँक यांची तुलना ही एका नजरेत होणारी तपासणी आहे. ते दोन आकडे जवळ नसतील तर काहीतरी वाकलं आहे.

दोष मशीनचा की रसायनाचा

वरचा ठिपका खाली पडण्याची दोन नेहमीची कारणं असतात. एक, जास्त ॲब्सॉर्बन्सवर मशीनमधला भटका प्रकाश खरं रीडिंग दाबतो. दोन, रंग तयार होतानाच काहीतरी कमी पडलं. दोन्हीत फरक करायला पाच मिनिटं लागतात.

४ मिग्रॅ/लिटरच्या रंगीत सोल्युशनचे २५ मिलि घ्या, डिस्टिल्ड वॉटरने ५० मिलि करा आणि रीडिंग घ्या. ब्लँकने पातळ करू नका, त्यात शिल्लक फिनॅन्थ्रोलिन असतं आणि ते तपासणीच बिघडवेल. मशीन खोटं बोलत असेल तर पातळ केल्यावर ॲब्सॉर्बन्स भरवशाच्या पट्ट्यात येतो आणि रीडिंग ०.४० च्या आसपास मिळतं. रंगच कमी तयार झाला असेल तर ०.७४४ चं बरोबर अर्धं, ०.३७२ च्या जवळ मिळतं. इथे ०.३७२ आलं, म्हणजे मशीन निर्दोष.

मग हिशेब. एका लोहाला तीन फिनॅन्थ्रोलिन लागतात. बाजारात मिळणाऱ्या मोनोहायड्रेटचं रेणुभार १९८ धरला, तर ०.१ टक्क्याच्या २ मिलिमध्ये २ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे १०.१ मायक्रोमोल. तिनाने भागलं की ३.३७ मायक्रोमोल लोह, म्हणजे १८८ मायक्रोग्रॅम. ४ मिग्रॅ/लिटरच्या ५० मिलिमध्ये लोह किती? २०० मायक्रोग्रॅम. १२ मायक्रोग्रॅम लोहाला जोडीदारच मिळाला नाही आणि रंग तेवढ्याने फिका राहिला. ३ मिग्रॅ/लिटरच्या फ्लास्कमध्ये १५० मायक्रोग्रॅम, तिथे पुरलं. म्हणून पाच ठिपके सरळ आणि सहावा खाली. ४ मिलि घातलं की पुरून उरतं.

इथे एक मोह होतो: शेवटचा ठिपका खोडून टाकायचा. कारण कळलेलं असेल आणि नमुने उरलेल्या पट्ट्यात असतील, तर ते चालतं. वरचा स्टँडर्ड काढून पाचच घेतले तर उतार ०.१९८६ येतो आणि इंटरसेप्ट ०.००५५, ब्लँकशी जुळणारा. पण कारण न शोधता, फक्त आर-स्क्वेअर सुधारतो म्हणून ठिपका काढणं म्हणजे हवं ते उत्तर निवडणं. काढलाच तर वहीत काय काढलं आणि का, ते लिहा. वेळ असेल तर सगळं नव्याने करणंच बरं.

दुरुस्त रेष

४ मिलि फिनॅन्थ्रोलिन घालून सगळे स्टँडर्ड आणि नमुने पुन्हा केले. रीडिंग:

| प्रमाण (मिग्रॅ/लिटर) | ॲब्सॉर्बन्स | फरक | उलटून मिळालेलं प्रमाण |
|---|---|---|---|
| ० | ०.००६ | −०.०००३ | −०.००२ |
| ०.५ | ०.१०४ | −०.००१४ | ०.४९३ |
| १ | ०.२०६ | +०.००१६ | १.००८ |
| २ | ०.४०२ | −०.०००५ | १.९९७ |
| ३ | ०.६०३ | +०.००२४ | ३.०१२ |
| ४ | ०.७९७ | −०.००१७ | ३.९९१ |

उतार ०.१९८१, इंटरसेप्ट ०.००६३, ब्लँक ०.००६. चिन्हं आता विस्कळीत आहेत आणि फरक दहापट लहान झाले. STEYX हे फंक्शन ठिपक्यांचा रेषेभोवतीचा सर्वसाधारण विखुरलेपणा ॲब्सॉर्बन्सच्याच एककात देतं. आधी ते ०.०१७८ होतं, आता ०.००१८. आर-स्क्वेअर ०.९९७० वरून ०.९९९९७ झाला. त्या बदलावरून कुणाला फार काही जाणवणार नाही, STEYX मधला दहापट फरक मात्र लगेच डोळ्यांत भरतो.

शेवटचा कॉलम ॲब्सॉर्बन्स उलट रेषेत घालून काढला आहे. सगळ्यात वाईट स्टँडर्ड ०.५ चा, आणि तोही दीड टक्क्याच्या आत. आधीच्या रेषेत ३ मिग्रॅ/लिटरचा स्टँडर्ड उलटून ३.१२ येत होता आणि ब्लँक −०.०४६. ज्या रेषेला स्वतःचे स्टँडर्ड परत सांगता येत नाहीत, ती नमुन्याबद्दल काय सांगणार?

नमुन्याचं उत्तर

तीन फ्लास्कची रीडिंग ०.०४५, ०.०४७, ०.०४६, सरासरी ०.०४६. उत्तर दोन वाटांनी काढा:

```
=TREND(A2:A7,B2:B7,B13)
=(B13-INTERCEPT(B2:B7,A2:A7))/SLOPE(B2:B7,A2:A7)
```

पहिल्याने ०.२००४, दुसऱ्याने ०.२००३. हे दोन अगदी सारखे का नाहीत, हे समजून घेण्यासारखं आहे. दुसरं सूत्र असं धरतं की प्रमाण अचूक आहे आणि चूक ॲब्सॉर्बन्समध्ये आहे, म्हणून रेष उभ्या अंतरांवरून बसवतं आणि मग उलटतं. प्रयोगात जे घडतं त्याच्याशी हेच जुळतं. TREND मध्ये प्रमाण पहिलं लिहिलं की चूक प्रमाणात आहे असं धरून आडव्या अंतरांवरून रेष बसते आणि उत्तर स्टँडर्डच्या सरासरीकडे किंचित ओढलं जातं. रेष घट्ट असेल तर फरक चौथ्या दशांशात जातो आणि TREND निर्धास्त वापरा. पहिल्या, वाकलेल्या रेषेवर हेच दोन आकडे ०.१७१ आणि ०.१६७ येतात. दोन सूत्रं तिसऱ्या दशांशात भांडू लागली, तर कोणतं खरं हा वाद घालण्याआधी रेष तपासा. रिपोर्टमध्ये दुसरं सूत्र द्यावं, असं आमचं मत आहे.

फ्लास्कमध्ये ०.२००, म्हणून बोअरवेलच्या पाण्यात दुप्पट: ०.४० मिग्रॅ/लिटर. वाकलेल्या रेषेने हेच ०.३३ सांगितलं असतं. सुमारे ०.३ मिग्रॅ/लिटरच्या पुढे लोहाचे डाग कपड्यांवर आणि नळाच्या भांड्यांवर दिसू लागतात. त्यामुळे घरमालकाला काय सांगायचं, ते या दोन आकड्यांवर ठरतं.

आता या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा ते काढू. `3` म्हणजे नमुन्याचे फ्लास्क, `6` म्हणजे स्टँडर्ड:

```
=STEYX(B2:B7,A2:A7)/SLOPE(B2:B7,A2:A7)
 *SQRT(1/3+1/6+(B13-AVERAGE(B2:B7))^2
 /(SLOPE(B2:B7,A2:A7)^2*DEVSQ(A2:A7)))
```

याचं उत्तर ०.००७७. याला `=T.INV.2T(0.05,4)` ने गुणा, तो आकडा २.७७६ आहे. इथला ४ म्हणजे सहा ठिपक्यांतून उतार आणि इंटरसेप्टचे दोन वजा. गुणाकार ०.०२१. फ्लास्कमध्ये ०.२०० ± ०.०२१, पाण्यात ०.४० ± ०.०४ मिग्रॅ/लिटर. ०.३ या पट्ट्याबाहेर स्पष्टपणे राहतो.

हाच हिशेब वाकलेल्या रेषेवर केला तर फ्लास्कमध्ये ०.१७ ± ०.२२ येतं. म्हणजे पाण्यात लोह आहे की नाही, हेही ठामपणे सांगता येत नाही. आर-स्क्वेअर ०.९९७ असतानाची ही स्थिती आहे.

सूत्रातला शेवटचा भाग नमुन्याचं रीडिंग स्टँडर्डच्या सरासरीपासून किती दूर आहे ते मोजतो. आपला नमुना खालच्या टोकाला आहे, म्हणून पट्टा थोडा रुंद झाला. सगळेच नमुने असे कमी लोहाचे असतील तर ४ पर्यंत जाण्याची गरज नाही. ०, ०.१, ०.२, ०.४, ०.७ आणि १ असे स्टँडर्ड घ्या, रेष नमुन्याच्या भोवती येईल.

उलट बाजूला, रीडिंग ०.७९७ च्या वर गेलं तर TREND तरीही उत्तर देईल. रेष कुठे संपते हे त्याला माहीत नसतं, तो ती तशीच पुढे वाढवतो. तिथे फिनॅन्थ्रोलिन पुरलं का, रंग सरळ चढला का, याचा एकही पुरावा आपल्याकडे नाही. रंग आल्यानंतर पातळ करूनही भागत नाही, कारण फिनॅन्थ्रोलिन संपलं असेल तर फिका रंगच अर्धा होईल. मूळ नमुना कमी घ्या, २५ ऐवजी ५ मिलि, बाकी सगळं तेच, आणि शेवटी २ ऐवजी १० ने गुणा.

रेषेबाहेरची दोन तपासण्या

इतक्या वेळ रेष स्वतःच्याच ठिपक्यांशी ताडून पाहिली. पण स्टॉक तोलतानाच चूक झाली असेल तर सगळे ठिपके सारखेच चुकतात आणि रेष तरीही सुंदर दिसते. म्हणून वेगळ्या वेळी, वेगळा तोलून केलेल्या दुसऱ्या स्टॉकमधून १.५ मिग्रॅ/लिटरचा एक फ्लास्क करा आणि तो रेषेत न घेता अनोळखी नमुन्यासारखा वाचा. इथे ०.३०३ आलं, म्हणजे १.४९८. ५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर दोन्ही स्टॉक पुन्हा करा, कोणता खरा याचा अंदाज बांधत बसू नका.

दुसरी तपासणी पाण्याचीच. नमुन्यातलं दुसरं काही रंगात ढवळाढवळ करत असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये केलेल्या स्टँडर्डना ते कळणार नाही. नमुन्याच्या २५ मिलिमध्ये वर्किंग सोल्युशनचे ५ मिलि घालून उकळण्यापासून सगळं करा. फ्लास्कमध्ये १.००० मिग्रॅ/लिटरची भर पडली पाहिजे. रीडिंग ०.२४० आलं, म्हणजे १.१८०. त्यातून ०.२०० वजा करा, ०.९८० राहिलं, ९८ टक्के भर परत मिळाली. ती ८० च्या आसपास आली असती, तर रेष कितीही सरळ असली तरी या पाण्यासाठी ती लागू नाही, आणि नमुना पातळ करून किंवा नमुन्यातच स्टँडर्ड मिसळून पुन्हा मोजावं लागलं असतं. नमुना मुळातच पिवळट किंवा गढूळ असेल तर फिनॅन्थ्रोलिन न घालता केलेला एक फ्लास्क वाचा आणि ते रीडिंग नमुन्याच्या रीडिंगमधून वजा करा. हा फ्लास्कही डिस्टिल्ड वॉटरवरच वाचायचा. त्यात बफर आणि ॲसिडचं लोह असलं तरी त्याला रंग आलेला नसतो, म्हणून इथे ब्लँक दोनदा वजा होत नाही.

रिपोर्टमध्ये ०.४० ± ०.०४ मिग्रॅ/लिटर लिहा आणि त्याच्या खाली उतार, इंटरसेप्ट, ब्लँकचं रीडिंग, STEYX, स्टँडर्डचा पट्टा, वेगळ्या स्टॉकचं आणि भर घातलेल्या नमुन्याचं उत्तर, आणि फिनॅन्थ्रोलिन किती मिलि घातलं ते.